शिक्का ऐच्छिक झाला, पण तुमच्या नियमावलीतून गेला का?

“2015 पासून कंपनीचा सामाईक शिक्का ऐच्छिक आहे. मग इतिवृत्तात ठराव आणि साक्षीदार कशाला लिहायचे?”

ऐच्छिक केला तो कायद्याने. कंपनीची नियमावली आपोआप बदलत नाही. 2013 च्या कंपनी कायद्यातला तक्ता ‘एफ’, म्हणजे नियमावलीचा नमुना, अनेक खासगी कंपन्यांनी जसाच्या तसा स्वीकारला आहे. त्यातलं 79 वं कलम सांगतं की संचालक मंडळाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या समितीच्या ठरावाशिवाय शिक्का लावायचा नाही. तो लावताना किमान दोन संचालक आणि सचिव किंवा मंडळाने नेमलेली व्यक्ती हजर हवी, आणि त्या सर्वांनी त्याच दस्तऐवजावर सही करायची. विशेष ठरावाने नियमावली बदलेपर्यंत हे बंधनकारकच आहे.

समजा, कारखान्याची जागा बँकेकडे गहाण टाकायची आहे. इतिवृत्तात “कर्जाच्या कागदांवर शिक्का लावण्यास मंजुरी” एवढंच लिहिलं, तर कोणते कागद आणि कोणासमोर, हे कळतच नाही. त्याऐवजी गहाणखताचं नाव, बँक, रक्कम आणि ज्यांच्या समक्ष शिक्का लागेल त्या तिघांची नावं ठरावात घाला. शिक्का लावल्याची तारीख शिक्क्याच्या नोंदवहीत लिहा.

खरी चूक तारखांत सापडते: गहाणखत 5 जूनचं आणि ठराव 10 जूनचा. अशा वेळी जुन्या पानात खाडाखोड करू नका. पुढच्या सभेत, खऱ्या तारखा लिहून, आधीच्या कृतीला मान्यता देणारा ठराव करा आणि तो बँकेलाही कळवा.