दुरुस्तीचा खर्च वर्षांनी भागून बघा

पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपच्या दुरुस्तीचा आकडा ऐकला की आपण तो थेट नव्याच्या किमतीशी ताडून बघतो. पण दुरुस्तीनंतर मशीन किती दिवस साथ देणार, हे त्या तुलनेत येतच नाही. म्हणून मी दोन्ही खर्च वर्षांनी भागते.

समजा नव्या लॅपटॉपची किंमत 100 आहे आणि तो सहा वर्षं चालेल. म्हणजे वर्षाला साधारण 17. जुन्याची बॅटरी तासाभरात मान टाकते, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की मशीन अडखळतं. नवी बॅटरी आणि वाढीव रॅम यांचा खर्च 20 सांगितला. त्यावर आणखी दोन वर्षं निघाली तर वर्षाला 10 पडले, तेव्हा दुरुस्तीच करावी. त्याच मशीनचा मदरबोर्ड गेला आणि खर्च 45 असेल, तर तेवढ्याच दोन वर्षांसाठी वर्षाला 22 च्या वर जातात.

यातला नाजूक आकडा म्हणजे ती दोन वर्षं. तो अंदाज हवेत बांधायचा नसेल तर आधी मशीनलाच विचारावं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे शोधा. पहिला 50,000 आणि दुसरा 24,000 असेल, तर बॅटरी निम्म्याहून खाली आली आहे. ही झीज रासायनिक असते, ती भरून निघत नाही. पण बॅटरी बदलता येते, त्यामुळे एवढ्यावरून मशीन म्हातारं ठरवू नये. टचपॅड वर उचलला गेला असेल तर मात्र बॅटरी फुगली आहे. वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा.

आता रॅम. टास्क मॅनेजरच्या Memory पानावर नेहमीचं काम चालू असताना आकडा 90 टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर मशीन रॅममध्ये न मावलेली माहिती डिस्कवर ढकलतं आणि तिथेच रखडतं. अशा वेळी रॅम वाढवल्याचा फरक लगेच जाणवतो. मात्र ती बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर वाढवायला वावच नाही. त्याच Memory पानावर Form factor पुढे Row of chips दिसलं तर बहुधा तसंच असतं. खर्च विचारण्याआधी हे बघून ठेवा.

पाणी किंवा चहा सांडलेल्या बोर्डाबाबत मी जास्त सावध असते. एक जळका भाग बदलून मशीन सुरू होतं खरं, पण चिपखाली राहिलेला गंज पुढे पसरत राहतो. तिथे दोनऐवजी एकच वर्ष धरून भागाकार करा. दुरुस्ती नाकारलीत तरी एसएसडी सुटी असेल तर ती काढून, बाहेरच्या केसमध्ये बसवून माहिती वाचवता येते. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप चालू असेल तर त्यासाठी 48 अंकी रिकव्हरी की लागेल. मशीन चालू आहे तोवरच ती लिहून ठेवा.