प्रोजेक्टरचे चित्र अंधुक होणे व त्यावर रंग चढणे

पडद्यावरील चित्राचा उजेड हळूहळू उतरत जाणे किंवा संपूर्ण चित्रावर पिवळी, गुलाबी अथवा निळसर झाक येणे हे दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरचे नेहमीचे दोष आहेत. विदर्भातील खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात असा प्रोजेक्टर बिघडला, की ‘दिवा गेला’ असे म्हणून नवा दिवा मागवण्याकडे कल असतो. मात्र दिवा हा या यंत्राचा महागडा भाग असून अनेकदा दोष केबलमध्ये किंवा हवेच्या फिल्टरमध्ये निघतो.

तपासणीची सुरुवात प्रोजेक्टरच्या स्वतःच्या मेनूपासून करावी. मेनूची अक्षरे यंत्र स्वतःच तयार करते, ती केबलमधून येत नाहीत. त्यामुळे लॅपटॉपचे चित्र पिवळे दिसत असताना मेनूतील पांढरे अक्षर पांढरेच दिसले, तर दोष केबल, तिची जोडणी किंवा लॅपटॉप यांच्याकडे आहे. मेनूही तितकाच पिवळा असेल, तर दोष यंत्रात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये शोधावा लागतो. काही यंत्रांत हिरव्या फळ्यावर चित्र पाडण्यासाठी रंग मुद्दाम बदलणारी सोय असते आणि ती चुकून चालू राहिलेली असते, म्हणून ‘Color Mode’ आधी पाहून घ्यावा.

जुन्या शाळांमध्ये अजूनही वापरात असलेल्या व्हीजीए केबलच्या टोकाला १५ पिना असतात आणि लाल, हिरवा व निळा हे तीन रंग तिच्यातून वेगवेगळ्या तारांनी येतात. निळ्याची तार सुटली की पांढरे पान पिवळे दिसते, लाल सुटला तर ते आकाशी होते आणि हिरवा सुटला तर जांभळट गुलाबी. झाकेच्या रंगावरूनच कोणती तार सुटली हे कळते, ही या दोषातील मोठी सोय आहे. एचडीएमआय केबल सैल झाली, तर सहसा चित्र लुकलुकते, ठिपके येतात किंवा पडदा कोरा होतो. सर्वत्र सारखी झाक क्वचितच येते.

उदाहरणादाखल यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या शाळेचा वर्ग घेऊ. धड्याचे पान पिवळे व फिके दिसते, मेनूतील अक्षरे मात्र पांढरी आहेत, पण मंद. केबलचे टोक हलवताच क्षणभर निळा रंग परत येतो. टोक काढून पाहिले असता एक पिन वाकलेली आढळते. दोन्ही यंत्रे बंद करून ती चिमट्याने हलकेच सरळ करावी आणि टोकाचे दोन्ही स्क्रू हाताने आवळावेत. केवळ टोक खोचून ठेवले, की टेबलाला धक्का लागताच ते पुन्हा सैल होते. यामुळे पिवळेपणा जातो, मंदपणा उरतो. येथे दोष दोन होते आणि मेनूने ते आधीच वेगळे करून दाखवले होते.

मंदपणासाठी प्रथम फिल्टर पाहावा. कापूस वेचणीच्या व जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारे कापसाचे तंतू फिल्टरवर बसतात आणि अंगणातली माती त्यावर थर धरते. वाट बुजली की यंत्र आतून तापते, पंख्याचा आवाज वाढतो, ‘TEMP’चा दिवा लागतो आणि काही यंत्रे दिव्याचा उजेड आपोआप कमी करतात. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. वैदर्भीय उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली ही मर्यादा सहज ओलांडते. यंत्र बंद करून प्लग काढावा, ते निवू द्यावे आणि फिल्टर बाहेर काढून मऊ ब्रशने झाडावा. माहितीपुस्तिकेत धुण्याची परवानगी नसेल तर धुऊ नये आणि ओला फिल्टर कधीही परत बसवू नये.

फिल्टर स्वच्छ असूनही चित्र मंदच राहिले, तर मेनूतील माहितीच्या पानावर ‘Lamp Hours’ पाहावेत. पाऱ्याच्या दिव्याचे सांगितलेले आयुष्य सामान्यतः ३००० ते ५००० तास असते आणि त्या आयुष्याच्या शेवटी उजेड साधारण निम्मा उरतो, म्हणजे दिवा एकदम न जाता ओसरत जातो. वरील उदाहरणात आकडा ३८०० दिसला, तर दिवा बदलण्याची वेळ जवळ आली असे समजावे. मात्र आकडा शून्य करण्याची सोय असल्यामुळे जुना दिवा बसवूनही तो ‘नवा’ दिसू शकतो, तर नवा दिवा टाकून ‘Lamp Hour Reset’ न केल्यास यंत्र जुनेच तास मोजत राहते. भारनियमनाने वीज अचानक गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा नीट निवत नाही. युपीएस असल्यास तेवढ्या वेळात यंत्र रीतसर बंद करता येते. दिवा बदलताना काचेला बोटे लावू नयेत आणि तो फुटल्यास पाऱ्याच्या वाफेमुळे मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडाव्यात.

दिवा नवा, फिल्टर स्वच्छ आणि मेनूही पिवळाच, असे असल्यास एलसीडी प्रोजेक्टरमधील निळ्या प्रकाशाच्या मार्गावरचा ध्रुवक, म्हणजे ठरावीक दिशेने कंपणारा प्रकाशच पुढे सोडणारी पट्टी, उष्णतेने जळालेला असण्याची शक्यता असते. ही दुरुस्ती शाळेत होत नाही आणि जुन्या यंत्राच्या बाबतीत तिचा खर्च आधी विचारून घेणे बरे.