चाक डगमगतंय म्हणून कोनसेट आवळू नका

स्कूटरचं पुढचं चाक डगमगायला लागलं की बहुतेक ठिकाणी पहिला पाना कोनसेटवर चढतो. कोनसेट आणि व्हील बेअरिंग यांतली ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

कोनसेट बहुतेकांना माहीत असतो. तो हँडलच्या दांड्यावर वर-खाली बसलेला असतो आणि फक्त हँडल वळलं की फिरतो. व्हील बेअरिंग चाकाच्या हबमध्ये असतात, बहुधा दोन, आणि चाकाबरोबर सतत फिरतात. आवाजाचा निकाल इथेच लागतो. वेगाबरोबर चढणारी आणि वेग उतरला की उतरणारी घूं घूं कोनसेटची असूच शकत नाही, कारण सरळ रस्त्यावर तो फिरतच नाही. त्याचा आवाज म्हणजे ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात येणारा एखादा ‘खट्’. टायरही घूं घूं करतो, पण रस्ता गुळगुळीत झाला की त्याचा सूर बदलतो. बेअरिंगचा फारसा बदलत नाही.

खरी फसगत डगमगीत होते. नेहमीची तपासणी अशी असते: पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवायची, खटका लागला की ‘कोनसेट गेला’ म्हणायचं. पण त्या खटक्यात कोनसेट, शॉकअपचे बुश आणि बेअरिंग सगळेच असू शकतात. शिवाय ब्रेक दाबला की चाक धरलं जातं आणि बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, थोडा झाकला जातो. म्हणून नुसतं ‘हलतंय का’ एवढं पाहू नका. नेमकं कशाच्या सापेक्ष काय हलतंय, ते पाहा.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागून दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. ब्रेक सोडलेला हवा. एका हाताने शॉकअपचा खालचा भाग घट्ट धरा, दुसऱ्या हाताने टायर वरून पकडून आडवा, म्हणजे डावी-उजवीकडे हलवा. शॉकअप स्थिर राहून चाक एकटं कलत असेल, तर प्ले बेअरिंगमध्ये आहे. आता टायर सोडा, शॉकअपचे खालचे भाग दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ओढा आणि मदतनिसाला हँडलच्या मुळाशी, जोडावर बोट ठेवायला सांगा. बोटाखाली हालचाल लागली तर कोनसेट. मग चाक हाताने जोरात फिरवून शॉकअपवर तळवा टेकवा. खराब बेअरिंगची खरखर तळव्याला लागते, अगदी कानाला काही ऐकू येत नसलं तरी.

माझ्या गाडीत तिशीच्या वेगापुढे घूं घूं सुरू झाली आणि चाक कलू लागलं. गॅरेजवाल्याने दोनदा कोनसेट आवळला. हँडल इतकं जड झालं की वळण सुटल्यावर ते आपोआप सरळ येईना, आणि डगमग जशीच्या तशी राहिली. शेवटी चाक काढलं. बोट बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये घालून फिरवलं, तर एका बाजूचं गुळगुळीत फिरलं, दुसरं अडखळत, आणि त्यातून तांबूस गंजाचं पाणी निघालं. रबरी सील फाटून आत पाणी गेलं होतं. प्रेशरने धुताना फवारा थेट हबवर मारला तरी असंच होतं.

कोनसेट आवळून जुळवता येतो, व्हील बेअरिंग नाही. एक्सलचा नट सैल असेल तर तो योग्य तेवढा आवळा आणि पुन्हा तपासा. तरीही हाताला जाणवेल इतका प्ले उरला, तर बेअरिंग बदलायचीच. ‘एक्सल अजून आवळतो’ हा इलाज नाही, कारण दोन बेअरिंगमधली स्पेसर नळी तो ताण स्वतःवर घेते. अडखळणाऱ्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरणंही मला मान्य नाही. खड्डे पडलेली रेस, म्हणजे गोळ्या फिरतात ती खाच, ग्रीसने भरून येत नाही, फक्त आवाज काही दिवस दबतो.

बदलताना दोन्ही बदला. एकाच पाण्यात, एकाच भाराखाली चाललेली असतात ती. स्पेसर परत बसवलाय याची स्वतः खात्री करा, तो राहिला तर एक्सल आवळताच नव्या बेअरिंगवर आडवा दाब येतो. बेअरिंग ठोकताना दणका बाहेरच्या रिंगवरच पडला पाहिजे. आतल्या रिंगवर ठोकलेलं नवं बेअरिंग तिथेच जखमी होतं. आणि नवं बेअरिंग हबमध्ये बोटाने सहज सरकत असेल, तर हबच झिजला आहे. तिथे नुसतं बेअरिंग टिकणार नाही.

मागच्या चाकाला ही रीत जशीच्या तशी लावू नका. बऱ्याच स्कूटरमध्ये मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं आणि बेअरिंग गिअरबॉक्सच्या आत असतात. तिथे चाकाचा नट पक्का असूनही प्ले आला, तर गिअरबॉक्स उघडावा लागतो.