वीजबिल चुकीचं आलं? अर्ज मराठीत, सोबत इंग्रजी प्रत

वीजबिलाच्या तक्रारीचा अर्ज टाईप करायला आमच्या परळच्या दुकानात येण्याआधी एकदा मीटर बघून या, ही पहिली विनंती. 'बिल फार आलंय, कमी करा' एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही. चूक कुठल्या आकड्यात आहे, ते दाखवावं लागतं.

बिलावर मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि रीडिंगची तारीख छापलेली असते. उदाहरणच घेऊ. मागचं रीडिंग १४२३८, चालू १४८३२, म्हणजे वापर ५९४ युनिट. या घरात एरवी महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट होतात. रीडिंगच्या तारखेनंतर दहा दिवसांनी मीटर पाहिला तर आकडा दिसतो १४४३०. मीटर काही मागे येत नाही, तेव्हा दहा दिवसांपूर्वी तो १४८३२ वर असणं शक्यच नाही. खरा आकडा बहुधा १४३८२ होता आणि लिहिताना ३ आणि ८ ची अदलाबदल झाली. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. इथे फरक ४५० आहे, भाग जातो. हा पुरावा नव्हे, पण चूक कुठे शोधायची ते कळतं.

पुरावा म्हणजे मीटरचा फोटो. डिजिटल मीटरचा पडदा दर काही सेकंदांनी बदलतो. व्होल्टेज येतं, तारीख येते, आणखी काय काय येतं. घाईत भलत्याच पडद्याचा फोटो काढून आणणारे पुष्कळ. बाजूला kWh दिसेल तोच पडदा हवा आणि मीटरचा नंबर त्याच फोटोत यायला हवा. तो नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवूनही बघा. चाळीत आणि जुन्या इमारतीत मीटर ओळीने लागलेले असतात, शेजाऱ्याचा मीटर आपला समजणं सहज होतं.

आता मागणी. 'पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट होईल' असं खिडकीवर सांगितलं, तर तेवढ्यावर परत फिरू नका. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि दर टप्प्याला चढतो. खरा वापर १४४ युनिट, म्हणजे शंभर स्वस्त दराने आणि ४४ दुसऱ्या टप्प्यात. ५९४ युनिटांचं बिल मात्र थेट शेवटच्या टप्प्यात शिरतं. म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची वीज एका महिन्यात जाळल्याचा हिशेब होतो. पुढच्या महिन्यांत नुसते युनिट वळते झाले, तर जास्त दराने घेतलेले पैसे तसेच राहतात. म्हणून आम्ही अर्जात असं लिहितो:

'दिनांक अमुकच्या बिलातील चालू रीडिंग 14832 चुकीचे आहे. दिनांक अमुक रोजी मीटरवर 14430 असे रीडिंग होते. फोटो जोडला आहे. कृपया मीटरची प्रत्यक्ष तपासणी करून सदर बिल रद्द करावे आणि त्याच महिन्याचे सुधारित बिल द्यावे.'

मूळ अर्ज मराठीच. इंग्रजी प्रत जोडायची ती अशासाठी, की फाईल पुढे बिलिंगच्या माणसाकडे किंवा वकिलाकडे गेली तर कुणी आपल्या मनाने तर्जुमा करू नये. आकडे दोन्ही प्रतींत बिलावर छापलेत तसेच, इंग्रजीच ठेवतो. आपला मराठी एक इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ वाटू शकतो. नावाचं स्पेलिंगही बिलावरचंच, ते चुकीचं असलं तरी. नावाची दुरुस्ती हा वेगळा अर्ज. तारीख आणि सही दोन्हींवर हवी, आणि इंग्रजीवर 'मूळ मराठी अर्जाची प्रत' असं नमूद हवं.

पैसे भरायचे की नाही, हे सगळेच विचारतात. अजिबात न भरणं धोक्याचं. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती आक्षेप नोंदवून भरली, तर त्या बिलासाठी वीज तोडता येत नाही. आक्षेप लेखी हवा. म्हणून आधी अर्जाची पोच घ्या, मग भरणा करा.

अर्ज बिलावर ज्याचं नाव आहे त्याच पुरवठादाराकडे द्यायचा. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा आणि महावितरण असे चौघे आहेत. तिथे दाद लागली नाही तर त्या पुरवठादाराचा ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल.

मीटर आणि बिल जुळत असेल तर हा अर्ज कामाचा नाही. मीटरच जोरात पळतोय असं वाटत असेल, तर मीटर चाचणीची मागणी करायची. तो मजकूर वेगळा असतो.

येताना हे बिल, आधीच्या सहा महिन्यांची बिलं आणि मोबाईलमधला फोटो आणा. पोचेचा शिक्का आणि आवक क्रमांक मराठी मूळ अर्जाच्या तुमच्याकडच्या प्रतीवर घ्यायचा आहे, त्यामुळे एक झेरॉक्स जास्तीची काढून ठेवा.