डेमो फोन हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं?

दुकानात तारेने बांधून ठेवलेला डेमो फोन तुम्ही घरी नेणार नसता. तुमचा नग सीलबंद खोक्यातून येणार असतो. त्यामुळे डेमोवरचा ओरखडा किंवा स्क्रीनवर उमटलेला पुसट डाग मनावर घेऊ नका. दिवसभर पूर्ण ब्राइटनेसवर चालणाऱ्या स्क्रीनवर असे डाग पडतात. त्या मॉडेलच्या प्रत्येक नगात जे सारखंच असणार, ते डेमोवर शोधायचं.

सर्वांत जास्त वेळ कॅमेऱ्याच्या फोकसला द्या. दुकानात प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे लांबचे फोटो सगळ्याच फोनवर छान येतात. फरक जवळ गेल्यावर कळतो. खिशातलं एखादं बिल टेबलावर ठेवा, झूम १ वर ठेवून पडद्यावर दिसणाऱ्या बारीक अक्षरांवर बोट टेकवा आणि फोन वीतभर अंतरावरून हळूहळू खाली आणा. वस्तू जवळ आली की तिची प्रतिमा भिंगाच्या आणखी मागे तयार होते, म्हणून भिंगाला पुढे सरकावं लागतं. ते सरकवणाऱ्या मोटरची झेप मर्यादित असते. सेन्सर मोठा असेल तर भिंगाचं नाभीय अंतरही जास्त असतं आणि सरकणंही जास्त लागतं. म्हणूनच मोठ्या सेन्सरचे महागडे फोन कधीकधी दहा सेंटिमीटरवर अक्षरं धूसर दाखवतात.

काही फोन अशा वेळी गुपचूप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात. पडद्यावरचं चित्र किंचित उडी मारतं, तीच खूण. खात्री करायची तर मागची भिंगं एकेक करून बोटाने झाका. ज्याने चित्र काळं होईल, तोच कॅमेरा काम करतोय. औषधाच्या पाकिटावरची तारीख फोनने वाचणाऱ्यांनी ही तपासणी अजिबात टाळू नये.

स्पीकरसाठी गाण्यापेक्षा बातम्या लावा. खालची जाळी बोटाने बंद करा. वरून स्पष्ट आवाज आला तर दोन स्पीकर आहेत. अगदीच दबला, तर फोन आडवा धरून व्हिडिओ पाहताना तुमच्याच हाताने आवाज कोंडणार.

फोनचं फिरणं मोजणारा जायरोस्कोप आहे का, हे यूट्यूबवरच्या ३६० अंशांच्या व्हिडिओने कळतं. फोन उभा धरून जागच्या जागी गोल फिरा. दृश्य तुमच्याबरोबर अलगद फिरायला हवं. प्रवेगमापी गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, पण अशा फिरण्यात ती दिशा बदलत नाही. त्यामुळे तो एकटा इथे पुरत नाही.

टचवर टाइप करताना भलतीच अक्षरं उमटली तर विक्रेत्याला चार्जिंगची तार काढायला सांगा. स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युत धारितेतला सूक्ष्म बदल मोजते आणि हलक्या चार्जरचा विद्युत गोंगाट त्यात मिसळतो. तार काढूनही चुका होत असतील तर शेजारच्या दुकानात तोच मॉडेल पाहा. स्क्रीनवरची मृत पट्टी मात्र स्वतःच्या नगात शोधायची: एखादं आयकॉन दाबून धरून पूर्ण स्क्रीनवर सावकाश ओढा, ते पुन्हापुन्हा एकाच रेषेवर सुटलं, तर काउंटरवरच नग बदलून मागा.