पार्श्वभूमी: आजचे पोर्ट्रेट, साठच्या दशकाचा पोशाख

आजच्या फोटो-पोर्ट्रेटमधल्या माणसाला चित्रातच 1960च्या दशकाचे कपडे चढवायचे म्हटले की चर्चा पहिल्यांदा जाते ती स्कर्टच्या उंचीकडे. मिनी लंडनच्या दुकानांतून आली की पॅरिसच्या फॅशन शोमधून, हा वाद आजही मिटलेला नाही. पण पोर्ट्रेटची चौकट बहुधा छातीखाली, फार तर कमरेशी संपते. ज्या कडेवरून एवढे भांडण झाले ती कड चित्रात येतच नाही. चित्रात उरतात गळा, खांदा, बाहीच्या जागेचा मुंढा, छातीला आकार द्यायला कापडाची घडी घालून शिवलेला टक, कापडाची पडण आणि छापा. त्या दशकात कपड्याच्या बेतण्यात जो खरा बदल झाला, तोही नेमका इथेच झाला.

चेहरा आपल्या काळाचा आणि कपडे मागच्या काळाचे, ही हौस जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांनी 1630च्या सुमाराच्या दरबारी पोशाखात स्वतःची तैलचित्रे काढून घेतली. चकचकीत साटीन आणि रुंद लेसची कॉलर हा त्या पोशाखाचा थाट. चेहरा एक चित्रकार रंगवी आणि कपडे रंगवायला बऱ्याचदा वेगळा कारागीर असे. त्यामुळे एकच पोशाख वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर दिसतो. त्या चित्रांचा खरा काळ आज कपड्यांवरून नव्हे, तर केसांवरून आणि उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखू येतो.

साठच्या दशकाकडे येताना आधीची दहा वर्षे पाहावी लागतात. 1947मध्ये पॅरिसमधून आवळलेली कंबर आणि मोठ्या घेराचा स्कर्ट आला आणि पुढची दहा वर्षे तोच साचा चालला. त्यात वरचा भाग अंगाला चिकटून बसे. कमरेतून वर जाणारे उभे टक आणि कुशीतून येणारे आडवे टक मिळून छातीचा आकार घडवत, आणि आतली ताठ अंतर्वस्त्रे तो धरून ठेवत. 1957मध्ये पॅरिसमध्येच कंबर मोकळी सोडणारा, पोत्यासारखा सरळ पोशाख आला. 1958मध्ये खांद्यापासूनच रुंदावत जाणारा, समलंब आकाराचा पोशाख आला. कमरेचे राज्य संपायला सुरुवात झाली ती साठ साल उजाडण्याआधीच.

यातूनच या विषयातला सगळ्यात चिवट प्रश्न उभा राहतो: पोर्ट्रेटसाठी ‘साठचे दशक’ धरायचे ते कोणत्या वर्षापासून? एक पक्ष सरळ 1960 म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढे असतात आखूड, चौकोनी जॅकेट, मनगटाच्या वर थांबणारी बाही, मानेपासून जराशी दूर उभी राहणारी कॉलर आणि फिक्या रंगांचा सूट. हे सगळे 1960 ते 1963 या काळात खरोखरच होते आणि त्याला देखणेपणही होते. पण त्या जॅकेटखाली जो ड्रेस असे त्याला बहुतेकदा कंबरेची शिवण होती, टक जुन्याच जागी होते आणि छातीची ठेवण 1950च्या दशकाचीच होती. जॅकेट काढले की माणूस पाच वर्षे मागे जातो. दुसरा पक्ष 1964पासून मोजतो. त्या वर्षीच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये पांढऱ्या आणि रुपेरी रंगांचा, अवकाशयुगाचा म्हणून ओळखला गेलेला संग्रह आला. त्यातले कपडे जाड लोकरी गॅबर्डिनचे होते, अंगापासून सुटे उभे राहत, आणि शिवणींच्या कडेने समांतर टिपा मुद्दाम दिसू दिल्या होत्या. लंडनमध्ये तरुण मुलींसाठी बिनकमरेचे सरळ ड्रेस त्याच्या आधीपासून विकले जात होते, त्यामुळे पॅरिसला एकट्याने श्रेय देता येत नाही. तरीही 1964 ते 1967 ही चार वर्षे मला या दशकाचा गाभा वाटतात. आधीच्या वर्षांत जुने फक्त सैल होत होते आणि नंतरच्या वर्षांत घेर, झालर आणि लांब बाह्या परत आल्या. या चारच वर्षांत कपडा अंगावर पसरलेला नाही, तर अंगाभोवती उभा आहे.

वर्ष न ठरवता केलेली पोर्ट्रेट इथेच फसतात. 1961ची कॉलर, 1966चा छापा आणि 1969ची फुगीर बाही एकाच अंगावर येतात. प्रत्येक गोष्ट खरी असूनही ते चित्र कुठल्याच दिवसाचे राहत नाही.

कपडा उभा राहिला तो टकामुळे. नव्या बेतात कमरेचा उभा टक काढून टाकला. उरला एकच लांब, तिरका टक: कुशीच्या शिवणीवर, कमर आणि छाती यांच्या मध्ये कुठेतरी तो सुरू होतो, वर चढत जातो आणि छातीच्या उंचवट्याच्या दोन-तीन सेंटीमीटर आधी संपतो. छातीखाली कापड आत ओढले जात नाही. तिथून ते सरळ किंवा बाहेरच्या बाजूला खाली जाते. समोरून प्रकाश असलेल्या फोटोत हा फरक सावलीवरून कळतो. जुन्या बेतात छातीखाली आडवी, गडद सावली पडते. नव्या बेतात ती जवळजवळ नाहीशी होते आणि तिच्या जागी एक लांब, मऊ उतार दिसतो. बिनबाह्यांच्या ड्रेसचा मुंढाही त्याच वेळी बदलला. तो काखेत उंच बसवला आणि वरच्या बाजूला मानेकडे आत कापला. त्यामुळे खांद्यावरची शिवण तोकडी झाली आणि खांद्याचे हाड उघडे पडले.

कापड अंगाला कसे जुळवले जाई हे पाहायचे असेल तर 1965च्या शरद संग्रहातला एक ड्रेस पुरेसा आहे. पांढरे, लाल, निळे, पिवळे चौकोन आणि त्यांच्यामधून काळ्या पट्ट्या, अशी एका डच चित्रकाराची मांडणी पॅरिसमध्ये लोकरी जर्सीवर आणली गेली. पाहणाऱ्याला ते सपाट कापडावर छापलेले चित्र वाटते. पण तो छापा नाही. प्रत्येक चौकोन वेगळा कापून जोडलेला आहे आणि अंगाला लागणारा सगळा आकार त्या काळ्या पट्ट्यांच्या शिवणींत लपवला आहे. टक म्हणून वेगळी रेघ कुठेच दिसत नाही. आजच्या फोटोवर हाच नमुना चिकटवला की तो मागे लावलेल्या फलकासारखा दिसतो, कारण पट्ट्या वळायला हव्यात तिथे वळत नाहीत आणि वळायला नकोत तिथे कापडाच्या सुरकुत्यांबरोबर वाकतात.

सुरकुत्यांचा प्रश्न कापडाचा आहे. आजच्या पोर्ट्रेटमधल्या बहुतेक कपड्यांत ताणला जाणारा इलास्टेन धागा असतो. तो 1958मध्ये अमेरिकेत सापडला, पण साठच्या दशकात तो मुख्यतः अंतर्वस्त्रांत आणि पोहण्याच्या कपड्यांत राहिला. रोजच्या वरच्या कपड्यांत नव्हे. त्या काळच्या ड्रेसचे कापड म्हणजे दुपदरी लोकर, डबल निट जर्सी किंवा फुगवलेल्या पॉलिएस्टर धाग्याचे क्रिम्प्लीन. ही कापडे जाडसर आणि भरीव असतात. त्यांना बारीक सुरकुत्या पडत नाहीत. घड्या पडल्याच तर मोजक्या, रुंद आणि गोल कडांच्या. पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप दिलेले कापड त्याहून वेगळे, त्यावर उजेडाचे तुकडे टोकदार आणि पांढरे पडतात.

एक उदाहरण घेऊ. फोटोत एक स्त्री आहे, कमरेपर्यंत, अंग थोडे वळलेले, अंगात गोल गळ्याचा ताणणारा टी-शर्ट. पोशाख करायचा आहे 1965चा. गळ्यापासून सुरुवात केली तर काम फुकट जाते, कारण टी-शर्टच्या काखेतून छातीकडे जाणाऱ्या ताणाच्या तिरक्या रेघा तशाच राहतात आणि वर कितीही चांगले कापड काढले तरी खालचा टी-शर्ट डोकावतो. आधी त्या रेघा पुसायच्या. मग बाहेरची रेषा हलवायची: काखेखालून कपडा अंगापासून सुटला पाहिजे आणि कमरेशी शरीर व कपडा यांच्यात हवा राहिली पाहिजे. हात अंगाला लागून असेल तर दंड आणि कुशी यांच्यामधली फट अरुंद होते. ती तशीच ठेवली तर कंबर पुन्हा दिसायला लागते. त्यानंतर मुंढा वर आणि आत घ्यायचा, आणि उघड्या पडलेल्या खांद्यावर मूळ फोटोतल्याच दिशेचा प्रकाश द्यायचा. गळ्याला उभी कॉलर दिली तर ती मानेला चिकटू द्यायची नाही. तिची एक बारीक सावली मानेवर हवी. टक शेवटी, आणि तोही फक्त जवळच्या बाजूला स्पष्ट. वळलेल्या अंगाच्या पलीकडचा टक कॅमेऱ्याला दिसत नाही.

छापा सगळ्यात शेवटी येतो, जरी मोह सुरुवातीलाच होत असला तरी. 1965मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात डोळ्याला भ्रम पाडणाऱ्या भौमितिक चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले आणि त्या काळ्या-पांढऱ्या रेघा लगेच कापडावर उतरल्या. तिथे चित्रे मांडलेल्या एका ब्रिटिश चित्रकर्तीला आपल्या चित्रांचे ड्रेस झालेले अजिबात रुचले नाही, आणि तिची तक्रार रास्त होती. पण या छाप्यांना नव्या बेताची गरज होती, हेही तितकेच खरे. रेघांचा नमुना चार टकांच्या घट्ट चोळीवर तुटून जातो. मोकळ्या, मोठ्या पृष्ठभागावर तो सलग राहतो. त्यामुळे पोर्ट्रेटमध्ये नमुन्याचा आकार मोठा हवा. छातीच्या रुंदीत दोन-तीन वर्तुळे किंवा चौकोन बसले तर ते 1965चे वाटते. पंधरा-वीस बसले तर आजचा टॉप वाटतो. तिरक्या टकापाशी मात्र रेघ जुळू द्यायची नाही. टकाच्या वर आणि खाली ती थोडी सरकलेली असली पाहिजे, कारण मधले कापड आत घडीत गेलेले असते. 1966नंतर भूमिती मागे पडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वेलबुट्टीसारखी वळणे, कोयरी आणि एकमेकांना टोचणारे नारिंगी-गुलाबी रंग पुढे येतात, आणि त्यांच्याबरोबर कापडही मऊ, झुळझुळीत होते. वळणांचा छापा ताठ गॅबर्डिनवर दिला की पुन्हा दोन वर्षांची सरमिसळ होते.

पुरुषांच्या पोर्ट्रेटमध्ये हा हिशेब टाय आणि लॅपल, म्हणजे जॅकेटच्या छातीवर दुमडलेल्या पट्ट्या, यांवर भागतो. दशकाच्या सुरुवातीला दोन्ही अरुंद आहेत. 1966च्या आसपास लंडनमध्ये रुंद, फुलाफुलांचे टाय आले आणि लॅपलही पसरू लागले. 1963ची बिनकॉलरची जॅकेट त्याहून ओळखीची, पण ती पॅरिसमध्ये 1960पासूनच होती.

संदर्भासाठी जी चित्रे आज हाताशी येतात त्यांत एक अडचण आहे. 1990च्या दशकात साठचे सरळ ड्रेस पुन्हा चालले, तेव्हा ते ताणणाऱ्या कापडात, कमरेशी हलकेच आत घेऊन आणि मुंढा खाली उतरवून शिवले गेले. त्यांचे छापे जुने वाटतात, बेत मात्र 1990च्या दशकाचा आहे. असे चित्र हाती लागले की छापा झाकून नुसती काख आणि कुशी पाहावी: काखेखाली कापड अंगाला चिकटून खाली जात असेल तर ते 1965चे नाही.