रेपो दर कापला, पण भूमिका कुठे गेली?

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं की तासाभरात फॅमिली ग्रुपवर सारांश येतो: "रेपो दर कमी, एफडीचे दर आणखी घसरणार, लगेच पैसे अडकवा." पहिला भाग निर्णय आहे. दुसरा भाग लिहिणाऱ्याने स्वतःच काढलेला अंदाज आहे आणि तो निर्णयाच्या नावावर खपतो. माझं डोकं फिरतं ते इथेच.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर. तो निर्णय आजचा असतो. निवेदनात त्याच्या शेजारी एक वेगळी ओळ असते, दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या भूमिकेची, आणि पुढच्या वाटेचा सुगावा तिच्यात असतो. गोंधळ असा की दोन्ही एकाच दिशेने जातील, असं आपण गृहीत धरतो.

6 जून 2025 चं निवेदन घ्या. रिझर्व्ह बँकेने रेपो दर थेट अर्धा टक्का उतरवून 5.50 वर आणला. पण त्याच दिवशी भूमिका 'उदार'वरून पुन्हा 'तटस्थ' केली. एप्रिलमध्ये गव्हर्नर मल्होत्रांनी उदार भूमिकेचा अर्थ सांगितला होता: मोठा धक्का बसला नाही तर पुढे कपात किंवा जैसे थे, एवढेच पर्याय. तटस्थमध्ये दरवाढीचाही पर्याय उघडा राहतो. शिवाय फेब्रुवारीपासून एक टक्का कपात झाल्यावर आता फारशी जागा उरलेली नाही, हेही निवेदनात होतं. म्हणजे हात सढळ आणि तोंडी सावधगिरी. सारांशांत पहिलंच तेवढं उरलं.

मी तो सारांश असा लिहिला असता: "रेपो 5.50, अर्धा टक्का कपात. कारण महागाई चार टक्क्यांच्या लक्ष्याखाली उतरली आहे आणि आर्थिक वाढीला टेकू हवा आहे. पुढच्या कपातीची हमी नाही, भूमिका तटस्थ." महागाईचा 3.7 टक्क्यांचा वार्षिक अंदाज कारणातही बसतो आणि पुढच्या चित्रातही, म्हणून 'अंदाज' हा शब्द गाळू नये.

ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये दर हलला नाही. डिसेंबरमध्ये मात्र पाव टक्का उतरला, भूमिका तटस्थ असतानाच. तेव्हा 'तटस्थ म्हणजे कपात बंद' हा अर्थही चुकीचाच.

चालू एफडीचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो, हे वेगळं सांगायला नको. प्रश्न नूतनीकरणाचा असतो. समजा, पाच लाखांवर सातऐवजी साडेसहा टक्के मिळाले, तर वर्षाला अडीच हजार कमी. पण रेपो अर्ध्याने उतरला म्हणून एफडीही अर्ध्यानेच उतरेल असं नाही. ते प्रत्येक बँक स्वतः ठरवते, ठेवींची गरज बघून. पीपीएफचा दर तर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. त्याला या सारांशात ओढू नका.